नुसता फोटो आला, तर उत्तर काय द्यावे?

व्हॉट्सॲपवर ओळखीच्या माणसाकडून एक फोटो येतो. त्याच्या वर Forwarded अशी बारीक अक्षरांतली खूण असते आणि खाली एकही शब्द नसतो. फोटो बहुतेक वेळा कुठल्यातरी कागदाचा असतो: रक्ताचा रिपोर्ट, विजेचे बिल, शाळेची नोटीस, सातबारा, कुणाच्या तरी मुलीची पत्रिका. पाठवणाऱ्याला त्या कागदाचे काहीतरी व्हायला हवे असते, किंवा त्याने तो नुसता दाखवलेला असतो, किंवा तो भलत्याच माणसाला गेलेला असतो. फोटोकडे कितीही वेळ पाहिले तरी यांतले खरे कोणते हे त्यावरून कळत नाही. ते विचारावेच लागते. विचारताना मात्र पाठवणाऱ्याला आपण काहीतरी चुकीचे केले असे वाटता कामा नये. दोन-तीन ओळींचे हे उत्तर वाटते तितके सोपे नसते, कारण माहिती मिळवणे आणि मन न दुखावणे ही दोन्ही कामे त्याला एकाच वेळी करायची असतात.

यातली अडचण सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्या माणसाला लगेच समजेल. कार्यालयातून एखाद्या पत्राची प्रत दुसरीकडे जाते तेव्हा तिच्यावर ती कशासाठी पाठवली हे लिहिलेले असते. ‘माहितीस्तव सविनय सादर’ असे असेल तर वाचून फाइलला लावायचे; ‘माहिती व पुढील आवश्यक कार्यवाहीस्तव’ असे असेल तर हालचाल करायची. त्या एका ओळीमुळे कारकुनाला पाठवणाऱ्याच्या मनात शिरावे लागत नाही. फॉरवर्ड केलेल्या फोटोवर नेमकी तीच ओळ नसते. मित्राच्या उत्तराने ती ओळ पाठवणाऱ्याकडून, त्याला न अवघडवता, मिळवायची असते.

शब्द नेहमी आळसामुळे राहून जातात असे नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पुष्कळदा ते वाटेत गळतात. फोटोखाली जोडून लिहिलेला मजकूर आणि फोटोनंतर वेगळा लिहिलेला मजकूर या व्हॉट्सॲपच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘हा आईचा रिपोर्ट, ताईला दाखव’ असे भावाने फोटोच्या पाठोपाठ वेगळे लिहिले असेल आणि बहिणीने फक्त फोटोवर बोट दाबून तो पुढे पाठवला असेल, तर ते वाक्य मागेच राहते. बहिणीच्या पडद्यावर मात्र फोटो आणि वाक्य एकाखाली एक दिसत असतात, त्यामुळे दोन्ही गेले अशीच तिची समजूत होते. जोडून लिहिलेला मजकूरही पूर्वी फॉरवर्ड करताना गळत असे. २०२२च्या अखेरीपासून तो सोबत जाऊ लागला, पण तो काढून टाकण्याची सोय तिथेच असते आणि घाईत त्यावर बोट पडू शकते. याशिवाय रोजची कारणे आहेतच. फोटो पाठवला आणि लिहायला घेणार तोच दाराची घंटा वाजली. देवनागरीत टाइप करणे जमत नाही, म्हणून फोन करून सांगू असे ठरवले आणि फोन राहिला. म्हणून फोटो आल्या क्षणी प्रश्न टाकण्याऐवजी थोडे थांबणे बरे. वर typing… दिसत असेल तर थांबायलाच हवे. अर्धवट बोललेल्या माणसाला मध्येच तोडण्यासारखे ते होते, आणि त्याचे वाक्य येता येता आपला प्रश्न तिथे जाऊन बसतो.

थांबताना फोटो नीट पाहून घ्यावा. उत्तर हळुवार होणार की नाही हे शब्दांच्या निवडीइतकेच या पाहण्यावर ठरते. जे फोटोतच लिहिलेले आहे ते विचारले, की आपण उघडूनही पाहिले नाही असे समोरच्याला वाटते. कागदावर नाव कुणाचे आहे, तारीख कोणती आहे, कुठे शिक्का, सही किंवा शेवटची मुदत आहे का, पानाचा काही भाग कापला गेला आहे का, एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. मग वरची खूण पाहावी. नुसते Forwarded असेल, तर फोटो पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी संदेशातून उचललेला आहे. ही खूण व्हॉट्सॲपने जुलै २०१८मध्ये आणली. दुहेरी बाण आणि Forwarded many times असे असेल, तर तो पाच किंवा अधिक हातांमधून आलेला आहे. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती पुढे येईल. खूण नाही म्हणजे फोटो घरचाच, असे मात्र धरू नये. कुठूनही आलेला फोटो गॅलरीतून उचलून नव्याने पाठवला किंवा त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, की खूण जाते.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे. न कळलेले पुन्हा विचारण्याच्या पद्धतींचा भाषाशास्त्रात बारकाईने अभ्यास झाला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ, गेल जेफरसन आणि हार्वी सॅक्स या तिघांचा संभाषणातल्या ‘दुरुस्ती’वरचा एक निबंध १९७७मध्ये प्रसिद्ध झाला. बोलणे अडते तेव्हा माणसे ते कसे सावरून घेतात, हा त्याचा विषय होता. त्यांना दिसले की चूक दुरुस्त करण्याची संधी लोक शक्यतो मूळ बोलणाऱ्यालाच देतात. ऐकणारा स्वतः दुरुस्ती करून टाकत नाही. कुठे अडले तेवढे दाखवतो आणि थांबतो. मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये बारा भाषांमधली घरगुती संभाषणे तपासली. त्या बारांत भारतातली एकही भाषा नव्हती, पण जे आढळले ते मराठी कानाला ओळखीचेच वाटेल. सरासरी १.४ मिनिटाला एकदा कुणीतरी कुणाला तरी पुन्हा विचारत होते. म्हणजे न कळणे ही बोलण्यातली रोजची, साधी घटना आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्या अभ्यासात विचारण्याचे तीन प्रकार आढळले. पहिला उघडा: ‘काय?’, ‘अं?’. काहीच कळले नाही, सगळे पुन्हा सांग, असा त्याचा अर्थ. दुसरा नेमका: ‘कुणाचा?’, ‘कधीचा?’. बाकीचे कळले, एवढेच हवे. तिसरा अंदाजाचा: ‘हा काकूंचा रिपोर्ट ना?’. इथे विचारणाऱ्याने स्वतः उत्तर बांधून पुढे ठेवलेले असते आणि समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते. वर्गवारीपेक्षा मोलाची गोष्ट पुढे आहे. या तिन्हींपैकी जमेल तितका नेमका प्रकार माणसे निवडतात, मग भाषा कोणतीही असो. अंदाज करता येत असेल तर अंदाज मांडतात, न जमल्यास नेमके विचारतात आणि तेही न जमल्यासच ‘काय?’ म्हणतात. असे केल्याने समोरच्याचे कष्ट वाचतात. विचारणाऱ्याचे थोडे वाढतात, पण दोघांचे मिळून कमी होतात. हळुवारपणा म्हणतात तो इथे अगदी व्यावहारिक रूपात दिसतो: कामाचा मोठा वाटा विचारणाऱ्याने स्वतःकडे घेणे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, कोल्हापूरची एक बाई पुण्यातल्या आपल्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला रात्री साडेनऊला फोटो फॉरवर्ड करते. तो रक्ताच्या रिपोर्टचा आहे. नाव पाठवणारीच्या सासूबाईंचे आणि तारीख त्याच दिवसाची आहे. प्लेटलेट्सच्या ओळीत ९२,००० असा आकडा ठळक छापलेला आहे आणि शेजारी नेहमीची मर्यादा दीड ते साडेचार लाख अशी दिलेली आहे. पान खालच्या बाजूला कापले गेले आहे. पुण्यातल्या मैत्रिणीची जाऊ डॉक्टर आहे, हे दोघींनाही माहीत आहे. संदेशावर Forwarded आहे, म्हणजे रिपोर्ट घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर आला आणि तिथून हिच्याकडे आला असावा. आता तिला काय हवे असेल? जावेला दाखवायचा असेल. घरात आजारपण आहे एवढेच जिवाभावाच्या मैत्रिणीला कळवायचे असेल. किंवा यादीतल्या शेजारच्या नावाऐवजी हिच्या नावावर बोट पडले असेल. पुण्याची मैत्रीण असे लिहिते:

‘रिपोर्ट मिळाला गं. सासूबाईंचाच ना? आजचाच दिसतोय. जाऊबाईंना दाखवायचाय का, की मला नुसतं कळवलंस? दाखवायचा असेल तर आत्ताच पाठवते, जाग्या असतील त्या. खालची ओळ कापली गेलीय, तेवढी परत पाठवशील?’

यातला एकेक तुकडा पाहण्यासारखा आहे. ‘मिळाला’ या शब्दाने पाठवणारीची पहिली शंका मिटते. निळ्या खुणेवरून संदेश उघडला एवढे कळते, पण काय उघडले आणि काय दिसले हे कळत नाही. शिवाय निळी खूण पुष्कळांनी बंद करून ठेवलेली असते. ‘सासूबाईंचाच ना?’ हा अंदाजाचा प्रश्न आहे. उत्तर जवळजवळ ठरलेले असले तरी तो वाया जात नाही, कारण कागद नीट पाहिल्याचे त्यातून समजते आणि नाव वाचण्यात चूक झाली असेल तर तीही लगेच उघड होते. तारखेचा उल्लेख तसाच. जुना रिपोर्ट असता तर पाठवण्याचा हेतू निराळा ठरला असता.

उत्तराचा कणा मात्र मधले वाक्य आहे: ‘जाऊबाईंना दाखवायचाय का, की मला नुसतं कळवलंस?’ यात दोन वाटा ठेवल्या आहेत आणि दोन्ही सारख्याच मानाच्या आहेत. नुसते ‘जाऊबाईंना दाखवू का?’ एवढेच विचारले असते, तर जिला फक्त मन मोकळे करायचे होते तिच्यापुढे पेच पडला असता. नको म्हणावे तर देऊ केलेली मदत नाकारल्यासारखे होते. हो म्हणावे तर सासूबाईंचा रिपोर्ट तिने न ठरवलेल्या ठिकाणी जातो. उलट ‘अरेरे, काळजी घे’ एवढेच लिहिले असते, तर जिला डॉक्टरांचे मत हवे होते तिला आता ते वेगळे मागावे लागले असते. मागणे अनेकांना जड जाते. फोटो शब्दांशिवाय येण्यामागे काही वेळा तोच संकोच असतो. कागद समोर ठेवला की मैत्रीण आपणहून विचारेल, अशी त्यामागे आशा असते. दुहेरी प्रश्नामुळे मागणाऱ्याला मागावे लागत नाही आणि न मागणाऱ्याला नाकारावे लागत नाही.

‘आत्ताच पाठवते’ या शब्दांत तयारी आहे, आणि अजून पाठवलेला नाही हेही त्यातच आहे. रिपोर्टवर नाव, वय आणि आजाराची खूण असते. तो पुढे कुणाला दाखवायचा हे ठरवण्याचा हक्क घरच्यांचा. मदतीच्या भरात तो आधी जावेकडे, तिथून आणखी कुणाकडे गेला, तर उद्या नात्यातल्या चौथ्या माणसाचा फोन कोल्हापुरात येतो आणि सासूबाई विचारतात, ‘त्यांना कुणी सांगितलं?’ कापलेल्या ओळीची मागणी शेवटी ठेवली आहे, कारण सुरुवातीलाच ‘नीट दिसत नाही’ म्हटले की दोष काढल्यासारखे वाटते. ती मागणी टाळणेही बरोबर नाही, कारण अर्ध्या रिपोर्टवर डॉक्टर बोलणार नाहीत. प्रयोगशाळा पुष्कळदा मूळ रिपोर्ट पीडीएफमध्ये देतात. तो मिळाला तर सगळ्यांत बरे. तो नसेल तर फोटो Document म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे तो दाबून लहान होत नाही आणि बारीक आकडे वाचता येतात.

अशा प्रश्नाला येणारे उत्तर बऱ्याचदा दोन्ही वाटांच्या पलीकडचे असते. कोल्हापुरातून येते: ‘हो दाखव ना. इथले डॉक्टर म्हणतात उद्या परत तपासू. हे म्हणतात आजच ॲडमिट करा. काय करावं कळेना.’ खरा प्रश्न आता समोर आला. तो रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता आणि पुण्याच्या मैत्रिणीच्या अंदाजातही नव्हता. तरी अंदाज मांडल्यामुळेच तो बाहेर पडला. ‘नाही, तसं नाही, असं आहे’ हे सांगायला माणसाला काहीतरी समोर असावे लागते. मोकळ्या ‘काय?’पुढे मात्र पहिल्या शब्दापासून सगळे सांगण्याचे ओझे येते, आणि थकलेला माणूस ‘काही नाही गं, असंच’ म्हणून विषय संपवतो. जावेला रिपोर्टसोबत आता काय लिहायचे हेही पुण्यात नेमके कळलेले असते: आज ॲडमिट करायला हवे का, की उद्याच्या तपासणीपर्यंत थांबता येईल. फोटो पुढे जातो तो शब्दांसह जातो.

चुकणारी उत्तरे कोणती, तेही पाहायला हवे, कारण घाईत तीच लिहिली जातात. नुसते प्रश्नचिन्ह हे सगळ्यांत उघडे ‘काय?’ झाले, आणि आवाज व चेहरा नसल्याने ते दरडावल्यासारखे वाटते. ‘का पाठवलास?’ यात पाठवण्याचे कारण मागितले आहे. समोरचा खुलासा द्यायला लागतो. ‘याचं काय करू?’ यात काम मागितले आहे. समोरचा काम सांगतो. फरक एवढाच, पण पहिल्यात पाठवणारा आरोपी होतो. अंगठ्याची खूण सगळ्यांत फसवी. पाठवणाऱ्याला तिच्यातून ‘मिळाला’, ‘पटला’, ‘करतो’ यांतले काहीही वाचता येते. ज्याला काम हवे होते तो ‘करतो’ असेच वाचतो आणि निर्धास्त होतो. अंगठा देणाऱ्याच्या मनात फक्त ‘पाहिला’ असते. दोन दिवसांनी ‘झालं का ते?’ असा संदेश येतो तेव्हा घोटाळा कळतो, आणि बिलाची किंवा अर्जाची मुदत मधल्या दिवसांत गेलेली असू शकते. काही न लिहिणे हेही एक उत्तरच असते. ते चुकीचे पोचल्याची खूण सहसा अशी, की तोच फोटो पुन्हा येतो किंवा ‘पाहिलंस का?’ असे विचारले जाते. असे झाले की पाठवणाऱ्याला काहीतरी हवे आहे हे जवळजवळ नक्की समजावे.

उलट टोकाला प्रश्नांची रांग लावणारे उत्तर असते: कुणाचा, कधीचा, कुठे काढला, डॉक्टर काय म्हणाले, औषध चालू आहे का. काळजीपोटी विचारलेले असले तरी उत्तर लिहायला पाच वाक्ये लागणार असतात, म्हणून ते लांबणीवर पडते. एका उत्तरात मुख्य प्रश्न एकच असावा. मध्ये बाकीचे बोलणे येऊन गेले असेल, तर फोटो उजवीकडे सरकवून त्यालाच जोडून उत्तर लिहावे, म्हणजे प्रश्न कुठल्या फोटोबद्दल आहे हे दिसते. एकदम सात-आठ फोटो आले असतील तेव्हा हे विशेष उपयोगी पडते. त्यांतल्या एखाद्याच फोटोत काम दडलेले असते आणि तो कोणता हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक असते.

पाठवणारा वयाने मोठा असेल तर शब्दच नव्हे, उत्तराची रीतही बदलते. मित्राचे वडील पेन्शनच्या कागदाचा नुसता फोटो पाठवतात तेव्हा त्यांना लिहिणे जमत नसण्याची शक्यता मोठी असते, आणि ते कबूल करणे त्यांना नको असते. ‘काका, कागद मिळाला. बँकेत विचारून ठेवू का? की फोन करू तुम्हाला?’ असे लिहिले तर एका शब्दात उत्तर देता येते किंवा काहीच न लिहिता फोनची वाट पाहता येते. बोललेला संदेश पाठवण्याचा पर्यायही सुचवता येतो. माइकच्या खुणेवर बोट दाबून बोलणे अनेक ज्येष्ठांना लिहिण्यापेक्षा सोपे जाते. इथे ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न, शेवटी कितीही आदरार्थी रूप जोडले तरी, उद्धटच ठरतो.

काही फोटोंपुढे हळुवार प्रश्न लिहीत बसणे हीच चूक ठरते. फोटोत अपघात दिसतो आहे, रिपोर्टवर प्रयोगशाळेनेच तातडीची खूण केली आहे, रक्त हवे असल्याची चिठ्ठी आहे आणि तिच्यावर आजची तारीख व रुग्णालयाचे नाव आहे, अशा वेळी सरळ फोन लावावा. लेखी प्रश्न सभ्य असतो, पण समोरच्याने तो केव्हा वाचावा हे आपल्या हातात नसते. फोन उचलला गेला नाही तरच लिहावे, आणि तेही थोडक्यात: ‘फोन लावला होता. काय लागेल ते सांग, मी घरीच आहे.’

आता ज्या फोटोवर दुहेरी बाण आहे त्याकडे. पाच किंवा अधिक हातांतून आलेला हरवलेल्या मुलाचा, देवाचा, औषधी वनस्पतीचा किंवा एखाद्या संशयिताचा फोटो खास आपल्यासाठी निवडून पाठवलेला असण्याची शक्यता कमी असते. तिथे ‘काय करू?’ पेक्षा ‘तुला कुणाकडून आला?’ हा प्रश्न अधिक उपयोगी. तोही सौम्यच विचारायचा: ‘फोटो मिळाला. तुला ओळखीच्या कुणाकडून आलाय का? खरा असेल तर पाहतो काय करता येईल.’ पाठवणाऱ्याला खोटे ठरवलेले नाही, पण खात्री झाल्याशिवाय पुढे पाठवणार नाही हे त्याला कळते. पाठवणाऱ्याने स्वतःही हा प्रश्न अजून विचारलेला नसतो, आणि तो आता आपल्याला ज्याने पाठवला त्याला विचारू लागतो.

शब्द सुटलेल्या चित्राचे काय होऊ शकते हे २०१८ साली भारताने पाहिले. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी एक चित्रफीत तयार केली गेली होती. तिच्यात मोटरसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलतात, परत आणून सोडतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे हे सांगणारा फलक दाखवतात. तो शेवट कापून टाकलेली फीत भारतात खऱ्या अपहरणाची म्हणून फिरली. चित्र तेच राहिले. त्याचा हेतू सांगणारे शब्द गेले आणि त्या जागी ज्याने त्याने आपापले शब्द भरले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या वर्षी देशभर पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात अशाच संशयावरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती भिक्षुकी करून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने Forwarded ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यावर बंदी घातली. जानेवारी २०१९पासून ती जगभर लागू झाली. अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, ही मर्यादा एप्रिल २०२०मध्ये आली. या मर्यादांनी वेग कमी होतो, पण फोटोला सुटलेले शब्द परत मिळत नाहीत. ते मिळवायचे तर साखळीतल्या कुणीतरी मागच्याला विचारावे लागते. म्हणून अर्थ न कळलेला फोटो आपला एखादा मजकूर जोडून पुढे ढकलणे हे उत्तर न देण्यापेक्षाही वाईट.

कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर असा फोटो आला तर प्रश्न कुठे विचारावा हे फोटोवर ठरते. नळ दुरुस्तीची नोटीस असेल तर तिथेच विचारावे. बाकीच्यांनाही तेच विचारायचे असते आणि एका उत्तरात सगळ्यांचे काम होते. कुणाचा रिपोर्ट, पासबुक किंवा आधार कार्ड असेल तर पाठवणाऱ्याला वेगळे लिहावे, आणि तेही लवकर. तो ग्रुपवर चुकून गेलेला असण्याची शक्यता मोठी असते. सगळ्यांसमोर विचारले तर ज्यांनी पाहिला नव्हता तेही उघडून पाहतात.

चुकून आलेल्या फोटोची गोष्ट उरतेच. ‘अगं बाई, नणंदेला पाठवायचा होता!’ असे उत्तर आले तर पाठवणाऱ्याला Delete for everyone वापरून तो काढून टाकता येतो. पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवस ही सोय उपलब्ध असते. परंतु ज्याच्या फोनमध्ये आलेले फोटो आपोआप गॅलरीत साठतात, त्याच्याकडे प्रत राहू शकते आणि पाठवणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून ‘मीही इकडून काढून टाकला’ असे लिहावे आणि गॅलरीत जाऊन तो खरोखर काढावा. कचरापेटीत काढलेले फोटो काही दिवस साठून राहतात, तीही रिकामी करावी. अंदाज चुकला म्हणून दिलगिरी व्यक्त करण्याची गरज नसते. ‘बरं झालं विचारलं’ एवढे समोरून आपसूक येते, आणि फोटो नणंदेला गेला की नाही याची आठवण त्याच संभाषणात करून देता येते.